भौतिकशास्त्रातल्या गणितांची कुळे आणि त्यांचे सापळे

अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रातली गणिते मोजायला गेले तर शेकडो भरतात, पण त्यांच्यामागचे नियम मोजकेच असतात. यामिकीपुरते, म्हणजे गती, बल आणि ऊर्जा यांच्यापुरते पाहिले, तर बहुतेक गणिते चार कुळांत बसतात: स्थिर त्वरणाची, बलांच्या हिशेबाची, ‘आधी आणि नंतर’ची आणि ‘किती पट’ची. प्रत्येक कुळाची सोडवण्याची रीत ठरलेली असते आणि चुकण्याची जागाही बहुधा ठरलेलीच असते.

कूळ ओळखायचे कशावरून, हा पहिला प्रश्न. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या मिशेलिन ची, पॉल फेल्टोविच आणि रॉबर्ट ग्लेझर यांनी १९८१ साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. हॅलिडे आणि रेझनिक यांच्या पाठ्यपुस्तकातली २४ गणिते त्यांनी भौतिकशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्यांना आणि नुकताच पहिला अभ्यासक्रम संपवलेल्या विद्यार्थ्यांना दिली आणि सोडवण्याऐवजी नुसते गट पाडायला सांगितले. नवख्यांनी उताराची गणिते एका गटात टाकली, स्प्रिंगची दुसऱ्या, कप्पीची तिसऱ्या. जाणकारांनी मात्र उतारावरचे एक गणित आणि स्प्रिंगचे एक गणित एकत्र ठेवले, कारण दोन्ही ऊर्जेच्या अक्षय्यतेने सुटत होती. चित्रात काय दिसते यावर कूळ ठरत नाही; कोणता नियम लागू होतो यावर ठरते. आणि प्रत्येक नियमाला एक अट असते. ती अट नजरेआड झाली की सापळ्यात पाय पडतो. पुढच्या उदाहरणांत गुरुत्व त्वरण सोयीसाठी १० मी/से² धरले आहे.

पहिले कूळ स्थिर त्वरणाचे. धावणारी गाडी, वर फेकलेला चेंडू, मनोऱ्यावरून टाकलेला दगड ही त्याची नेहमीची रूपे. सुरुवातीचा वेग u, शेवटचा वेग v, त्वरण a, विस्थापन s आणि वेळ t अशा पाचच राशी असतात. त्यांतल्या तीन दिलेल्या असतात आणि एक विचारलेली असते. उरलेली पाचवी राशी ज्या सूत्रात नाही ते सूत्र निवडायचे, एवढीच रीत. वेळ दिलेली नाही आणि विचारलेलीही नाही, तर v² = u² + 2as; शेवटच्या वेगाशी संबंध नाही, तर s = ut + ½at². मात्र त्याआधी एक दिशा धन ठरवायची आणि शेवटपर्यंत ती बदलायची नाही.

आता हे गणित पाहा. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीच्या चालकाने ब्रेक दाबला आणि गाडीचा वेग दर सेकंदाला ४ मी/से इतका कमी होऊ लागला. ब्रेक दाबल्यापासून ८ सेकंदांत गाडी किती अंतर जाईल? ताशी ७२ किलोमीटर म्हणजे २० मी/से. सूत्रात किमती घातल्या की २० × ८ वजा ½ × ४ × ६४, म्हणजे १६० वजा १२८, उत्तर ३२ मीटर. आकडेमोडीत कुठेही चूक नाही, आणि उत्तर साफ चूक आहे. दर सेकंदाला ४ मी/से कमी होणारा २० मी/से वेग ५ सेकंदांत शून्य होतो. तोवर गाडी ५० मीटर जाते आणि थांबते. उरलेली ३ सेकंदे ती जागच्या जागी उभी असते. खरे उत्तर ५० मीटर आहे.

३२ कुठून आले, हे समजून घेण्यासारखे आहे. सूत्राला गाडी थांबल्याचे कळत नाही. त्याने उरलेली ३ सेकंदेही तेच त्वरण चालू ठेवले आणि गाडी १८ मीटर मागे नेली. आठव्या सेकंदाचा वेग काढला तर तो −१२ मी/से येतो, म्हणजे ब्रेक दाबलेली गाडी उलटी धावते आहे. चूक ओळखण्याची खूण हीच: ब्रेक किंवा घर्षण यांच्या गणितात वेगाचे चिन्ह उलटले, तर तिथे सूत्राची हद्द ओलांडली गेली आहे. म्हणून वेळ दिलेली असेल तेव्हा गाडी किती वेळात थांबते हे आधी काढावे. वर फेकलेल्या चेंडूच्या बाबतीत मात्र ही भीती नाही. चेंडू सर्वोच्च बिंदूवर क्षणभर थांबला तरी गुरुत्वाकर्षण थांबत नाही, त्वरण तेच राहते आणि ऋण वेग म्हणजे चेंडू खरोखरच खाली येतो आहे. दोन्ही गणितांचे सूत्र एक आहे. पण स्थिर त्वरणाची अट एकात मध्येच मोडते आणि दुसऱ्यात शेवटपर्यंत टिकते.

या कुळातला दुसरा सापळा चिन्हाचा. ४० मीटर उंच मनोऱ्यावरून १० मी/से वेगाने दगड सरळ वर फेकला, तर तो जमिनीवर किती वेळाने पडेल? वरची दिशा धन धरली तर वेग +१०, त्वरण −१० आणि विस्थापन −४०, कारण दगड शेवटी सुरुवातीच्या जागेच्या खाली पोहोचतो. समीकरण सोडवले की ४ सेकंद मिळतात. पण ‘४० मीटर’ हा आकडा दिसताच तो धन म्हणून लिहायचा, गुरुत्वही धन घ्यायचे आणि वेगही धनच ठेवायचा, असे झाले की उत्तर २ सेकंद येते. हे २ सेकंद निरर्थक नाहीत. तोच दगड त्याच वेगाने खाली फेकला असता तर तो २ सेकंदांतच पडला असता. म्हणजे विद्यार्थ्याने गणित बरोबर सोडवले, पण दुसरेच. पर्याय देणाऱ्या परीक्षेत ४ आणि २ ही दोन्ही उत्तरे समोर छापलेली असू शकतात, आणि आपले उत्तर पर्यायांत सापडले यावरून ते बरोबर ठरत नाही.

दुसरे कूळ बलांच्या हिशेबाचे. यात वस्तू कशी हलते यापेक्षा तिला कोण कोण ढकलते आणि ओढते हा प्रश्न असतो. रीत अशी: एक वस्तू निवडायची, भोवतालच्या सगळ्या गोष्टींपासून ती वेगळी काढायची आणि तिच्यावर बाहेरून लागणारी बले बाणांनी दाखवायची. वजन, पृष्ठभागाचे अभिलंब बल, दोरीतला ताण, घर्षण. मग दोन लंब दिशा घेऊन प्रत्येक दिशेत निव्वळ बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण असे लिहायचे. उतार असेल तर एक दिशा उताराच्या कडेने घेतली की काम सोपे होते. वर्तुळाकार गतीची गणितेही याच कुळातली आहेत. अभिकेंद्री बल हे एखादे वेगळे बल म्हणून आकृतीत घालायचे नसते. ताण, घर्षण किंवा वजन यांच्या बेरजेनेच ते काम केलेले असते. आकृती न काढता थेट सूत्राकडे धावणे ही या कुळातल्या चुकांची जननी आहे.

सगळ्यात जास्त फसवते ते घर्षण. १० किलोचा ठोकळा जमिनीवर ठेवला आहे. स्थैतिक घर्षणाचा गुणांक ०.५ आणि गतिज घर्षणाचा ०.४. त्याला ३० न्यूटन बलाने आडवे ओढले, तर घर्षण किती? वजन १०० न्यूटन, ते गुणिले ०.५, म्हणून ५० न्यूटन, असे उत्तर बहुतेकांच्या हातून लिहिले जाते. ते खरे मानले तर ३० न्यूटनने पुढे ओढलेल्या ठोकळ्यावर ५० न्यूटन मागे लागतात आणि ठोकळा मागच्या मागे सरकायला हवा. कोणताही ठोकळा तसे करत नाही. ५० न्यूटन ही स्थैतिक घर्षणाची कमाल मर्यादा आहे, त्याची किंमत नव्हे. वस्तू जागची हलू नये यासाठी लागेल तेवढेच स्थैतिक घर्षण निर्माण होते, म्हणून इथे ते ३० न्यूटन आहे आणि ठोकळा स्थिर आहे. ओढ ६० न्यूटन केली की मर्यादा ओलांडली जाते, ठोकळा सरकू लागतो आणि मग ०.४ हा गुणांक कामाला येतो: घर्षण ४० न्यूटन, निव्वळ बल २०, त्वरण २ मी/से².

घर्षणाच्याच पोटात आणखी एक सापळा दडलेला असतो, तो अभिलंब बलाचा. तोच ठोकळा आता ५० न्यूटन बलाने, पण जमिनीशी ३७ अंशांचा कोन करून वरच्या बाजूला ओढला. या कोनाची साइन ०.६ आणि कोसाइन ०.८ घेतात, म्हणून आडवी ओढ ४० न्यूटन होते आणि वरची ३० न्यूटन. अभिलंब बल नेहमी वजनाइतकेच असते असे मनात पक्के बसले असेल, तर घर्षणाची मर्यादा ५० न्यूटन येते, आडवी ओढ ४० आहे, म्हणून ठोकळा हलणार नाही असे उत्तर निघते. प्रत्यक्षात दोरीने ३० न्यूटन भार उचलून धरलेला आहे. जमिनीवर दाब पडतो तो ७० न्यूटनचा. मर्यादा ३५ न्यूटन होते, ४० न्यूटनची ओढ तिला पुरून उरते आणि ठोकळा सरकतो. सरकताना घर्षण २८ न्यूटन, निव्वळ बल १२ आणि त्वरण १.२ मी/से². इथे चूक फक्त आकड्यात होत नाही, हलणार की नाही याचा निकालच उलटतो. म्हणून अभिलंब बल कधीही गृहीत धरू नये. उभ्या दिशेचे समीकरण लिहून ते दर वेळी काढावे.

कप्पीवर लोंबणाऱ्या दोन वस्तूंतही हीच खोड असते. ३ आणि २ किलोच्या वस्तू एका हलक्या दोरीने जोडल्या, तर दोरीतला ताण ३० न्यूटनही नसतो आणि २० न्यूटनही नाही. वस्तूंचे त्वरण २ मी/से² येते आणि ताण २४ न्यूटन. तो दोन वजनांच्या मधेच पडला पाहिजे, ही या उत्तराची सोपी पडताळणी.

तिसरे कूळ ‘आधी आणि नंतर’चे. यात मधल्या प्रवासाचा तपशील दिलेला नसतो आणि त्याची गरजही नसते. सुरुवातीची स्थिती आणि शेवटची स्थिती यांची तुलना करून उत्तर काढायचे असते. हत्यारे दोन: ऊर्जेची अक्षय्यता आणि संवेगाची अक्षय्यता. कोणते कधी उचलायचे, इथेच सगळी मेख आहे. बाहेरून निव्वळ बल नसेल, किंवा टक्कर इतकी क्षणिक असेल की बाहेरच्या बलाला फारसे काही करायला वेळच मिळत नाही, तेव्हा संवेग टिकतो. घर्षण, चिकटणे, चेपणे यांत ऊर्जा खर्च होत नसेल तेव्हा यांत्रिक ऊर्जा टिकते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण बंदुकीच्या गोळीचा वेग मोजण्याच्या लंबकाचे आहे. इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्सने १७४२ साली तोफखान्यावरच्या आपल्या ग्रंथात ही युक्ती मांडली. दोरीला टांगलेल्या जड ठोकळ्यात गोळी घुसते, ठोकळा झोका घेऊन वर जातो आणि तो किती वर गेला यावरून गोळीचा वेग कळतो. समजा गोळी १० ग्रॅमची, तिचा वेग ४०० मी/से आणि लाकडी ठोकळा १.९९ किलोचा. ठोकळा किती उंच जाईल? गोळीची गतिज ऊर्जा ८०० ज्यूल. ती सगळी उंचीत बदलली असे मानले, तर २ किलोची एकत्रित वस्तू ४० मीटर वर जाते. एक लहानशी गोळी ठोकळ्याला तेरा-चौदा मजली इमारतीच्या उंचीवर नेते हे वाचूनच हात थांबायला हवा.

या गणिताचे दोन टप्पे आहेत आणि दोन्ही टप्प्यांना एकच नियम लागत नाही. पहिला टप्पा गोळी घुसण्याचा. तो क्षणार्धात संपतो, म्हणून संवेग टिकतो: ०.०१ गुणिले ४०० म्हणजे ४, भागिले २ किलो, म्हणून घुसल्यानंतरचा एकत्रित वेग २ मी/से. ऊर्जा मात्र टिकत नाही. घुसल्यानंतर उरते फक्त ४ ज्यूल. बाकीची ७९६ ज्यूल लाकूड फाटण्यात, गोळी चेपण्यात आणि उष्णतेत जाते. दुसरा टप्पा झोक्याचा. आता नियमांची अदलाबदल होते. दोरीचा ताण आणि वजन यांमुळे ठोकळ्याचा संवेग बदलत जातो, तेव्हा संवेगाचा नियम इथे लागू नाही. पण ताण गतीला सतत लंब असल्याने तो कार्य करत नाही आणि ऊर्जा टिकते. २ मी/से वेगाने निघालेली वस्तू ०.२ मीटर, म्हणजे २० सेंटिमीटर चढते. ४० मीटर आणि २० सेंटिमीटर यांतला फरक दोनशे पटींचा आहे, आणि तो आला फक्त पहिल्या टप्प्यात चुकीचा नियम उचलल्यामुळे. गणितात ‘घुसते’, ‘चिकटते’, ‘एकत्र पुढे जातात’ असे शब्द आले की त्या टप्प्यापुरती ऊर्जेची अक्षय्यता बाजूला ठेवायची.

चौथ्या कुळात प्रत्यक्ष आकडे कमी असतात आणि प्रश्न असतो ‘किती पट’ किंवा ‘किती टक्के’. यात सूत्रातल्या न बदलणाऱ्या राशी खोडून फक्त प्रमाण उरवायचे असते. साध्या लंबकाची लांबी २१ टक्क्यांनी वाढवली, तर आवर्तकाल किती टक्के वाढेल? आवर्तकाल लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. १.२१ चे वर्गमूळ १.१, म्हणून वाढ १० टक्के. संवेग २० टक्के वाढला तर गतिज ऊर्जा १.२ च्या वर्गाइतकी, १.४४ पट होते, म्हणजे वाढ ४४ टक्के. टक्के सरळ दुप्पट किंवा निम्मे करण्याची सवय लहान बदलांत जवळपास चालून जाते, पण पर्यायांत ४० आणि ४४ शेजारी असतील तर ती घात करते.

पण या कुळाचा खरा सापळा वर्ग-वर्गमुळात नाही. तो आहे ‘काय बदलले नाही’ या न लिहिलेल्या माहितीत. एक तार ओढून तिची लांबी दुप्पट केली, तर तिचा रोध किती पट होईल? रोध लांबीच्या प्रमाणात असतो, म्हणून दुप्पट, असे वाटते. पण तार ओढताना धातू नवा येत नाही, आकारमान तेच राहते. लांबी दुप्पट झाली की छेदाचे क्षेत्रफळ निम्मे होते आणि रोध चौपट होतो. यामिकीबाहेरचे संधारित्राचे उदाहरण याहून जास्त शिकवणारे आहे. त्याच्या दोन पट्ट्यांतले अंतर दुप्पट केले, की धारकता निम्मी होते, एवढे नक्की. साठलेल्या ऊर्जेचे काय? बॅटरी जोडलेलीच असेल तर विभवांतर कायम राहते आणि ऊर्जा निम्मी होते. बॅटरी आधीच काढून घेतली असेल तर प्रभार कायम राहतो आणि ऊर्जा दुप्पट होते. बॅटरी काढल्यावर पट्ट्या दूर नेताना त्यांच्यातल्या आकर्षणाविरुद्ध हाताने कार्य केलेले असते, वाढलेली ऊर्जा तिथून येते. संपूर्ण गणिताचा निकाल ‘बॅटरी काढून’ या दोन शब्दांवर फिरतो. म्हणून ‘किती पट’चे गणित हाती घेताच कागदावर पहिली ओळ न बदलणाऱ्या राशीची लिहावी.

एकच प्रसंग कोणत्या कुळात जाईल हे कधी कधी दिलेल्या माहितीवर ठरते. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात पावसाच्या थेंबाचे एक उदाहरण आहे: १ ग्रॅमचा थेंब १ किलोमीटर उंचीवरून पडतो आणि ५० मी/से वेगाने जमिनीवर आदळतो. ‘वरून पडणारी वस्तू’ म्हणून ते पहिल्या कुळात टाकले, तर वेग सुमारे १४१ मी/से येतो आणि दिलेल्या माहितीशीच भांडण होते. हवेचा रोध वेगाबरोबर वाढत जातो, त्वरण स्थिर नाही, तेव्हा पहिल्या कुळाची अटच इथे मोडते. हे गणित तिसऱ्या कुळातले आहे. गुरुत्वाकर्षणाने केलेले कार्य १० ज्यूल, जमिनीवर पोहोचताना थेंबाची गतिज ऊर्जा १.२५ ज्यूल, म्हणून हवेच्या रोधाने केलेले कार्य −८.७५ ज्यूल. वाटेत प्रत्येक क्षणी रोधाचे बल किती होते हे माहीत नसतानाही हे उत्तर बरोबर येते, कारण कार्य आणि ऊर्जेच्या नियमाला त्वरण स्थिर असण्याची अट नाही.